दोन्ही बंद लिहा

गर्भनळ्यांच्या एक्स-रेसाठी बबिताला टेबलावर घ्यायच्या आधीच माझं डोकं सणकलं होतं. तिची सासू हंसाबाई महागावकडच्या तांड्यावरून तिला यवतमाळला घेऊन आली होती आणि दारातच मला बजावत होती, "नीट पाहा मॅडम. नळ्या बंद असल्या तं आम्ही पोराले दुसरी करतो अन् हिले माहेरी धाडतो."

"मुलाची तपासणी केलीत?"

"त्याले काय झालं?"

मी दार लावून घेतलं. बबिताची पाळी नुकतीच संपली होती, म्हणजे गर्भ असण्याची भीती नव्हती. कशाची ॲलर्जी नाही, अंगावर दुर्गंधीचं पाणी जात नाही, तापही नाही. कौसल्या सिस्टरने तिचे पाय वर ठेवले. मी गर्भाशयाचं तोंड स्वच्छ केलं, चिमट्याने धरलं आणि बारीक नळी आत सरकवली. बबिता कळवळली. शिसाचा ॲप्रन घालून मी पडद्याकडे बघत एक्स-रेत पांढरं दिसणारं औषध सोडायला लागले, अगदी हळू.

पडद्यावर गर्भाशय भरत गेलं. उलटा त्रिकोण, पांढरा. त्यात एक काळा गोल ठिपका.

"ते काय हाय मॅडम?" बबिताने विचारलं.

"औषध पोचलं नाही ती जागा. मस्सा असेल, गाठ असेल, नाहीतर नुसता हवेचा बुडबुडा." तिला जरा कुशीवर वळवलं, तसा ठिपका सरकला आणि पुढच्या औषधाबरोबर पार दिसेनासा झाला. मस्सा असता तर तिथेच ठाण मांडून बसला असता.

पण त्रिकोणाची वरची दोन्ही टोकं भरून औषध तिथेच अडलं. पुढे काहीच नाही. नळ्यांची रेघसुद्धा नाही.

"बंद हायेत ना?" तिने विचारलं. मी इतक्या बायकांना हा प्रश्न रडत विचारताना ऐकलंय. ही आशेने विचारत होती.

"आत्ताच सांगता येत नाही. भीतीने, दुखण्याने तिथला स्नायू आवळला जातो आणि चांगली नळीही बंद दिसते." जोर लावून ढकलण्यात अर्थ नसतो, औषध रक्तवाहिन्यांत शिरतं. कौसल्या स्नायू सैल करायचं इंजेक्शन भरायला बाजूच्या खोलीत गेली, तेव्हा बबिताने माझा ॲप्रन धरला.

"इंजेक्शन नका देऊ. हाच फोटो काढा. दोन्ही बंद लिहा."

"काहून?"

तिने गाऊनची बाही वर केली. हाड मोडून वाकडं जुळलं होतं. त्यासाठी मला फोटो काढायची गरज नव्हती.

"बाप म्हणते, त्यायनं धाडलं तं ठेवतो, सोताहून आली तं दार नाही. तुमच्या कागदानं मी सुटतो मॅडम."

मला तिचं ऐकावंसं वाटलं. खरंच वाटलं. पडद्यावर 'बंद'च तर दिसत होतं. खोटं लिहायचं नव्हतं, फक्त थांबायचं होतं. पण उद्या तिला मूल हवं झालं तर? दुसऱ्या कुणाकडे, दुसऱ्या घरी? माझ्या सहीचा कागद तिच्या मागे जन्मभर फिरला असता.

"नाही लिहिणार," मी म्हणाले, आणि स्वतःचाच राग आला.

तिने डोळे मिटले, पोट आवळलं, मुठी वळल्या. पण तो स्नायू तिच्या हुकमातला नव्हता. इंजेक्शन दिलं, थोडं थांबले, पुन्हा हळू औषध सोडलं. उजव्या टोकातून दोऱ्यासारखी रेघ निघाली, मग डावीकडून. टोकाशी नळी फुगली नाही, म्हणजे तिथेही अडथळा नव्हता. औषध पोटात मोकळं पसरलं. बबिता डोळे उघडून बघत होती. तिला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

"चक्कर येऊ शकते, आत झोपवून ठेवते," असं हंसाबाईंना सांगून मी तिला माझा फोन दिला. "आधी बापाशी बोल, ठेवून घेतो का विचार. नाही म्हणाला तर महिला मदतीचा नंबर मी लावते." ती गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत बोलली. मला त्यातलं रडणंच काय ते कळलं.

"बा खुश झाला," ती म्हणाली. "म्हणते, खुल्या हायेत तं चांगलंच. नांद सुखानं."

"मग मी तो नंबर लावू?"

तिने नकारार्थी मान हलवली. "राहायले घर लागते मॅडम."

बाहेर मी हंसाबाईंना चांगलंच सुनावलं. सुनेत काही दोष नाही. आता मुलाला तपासायला आणा. त्यांनी दुसरं वाक्य ऐकलंच नाही. हसत हसत त्यांनी सुनेचं मनगट धरलं, तेच वाकड्या हाताचं.

"कपड्याला थोडा डाग लागेल," मी बबिताला म्हणाले. "पण ताप आला, पोटात जास्त दुखलं, घाण वास आला तर लगेच ये. आत जंतू गेले असू शकतात." आणि मग राहवलं नाही. "काही झालं नाही तरी ये."

"कायले?" हंसाबाई आनंदाने म्हणाल्या. "आता कुठीच जात नाही थे."