सौम्य घोरण्याचा रिपोर्ट

भोंग्याच्या बायकोच्या डोक्यावर त्या सकाळी कुणी पातेलं ठेवलं असतं, तर चहा उकळून उतू गेला असता.

भोंगा हे नाव तिच्या नवऱ्याला गल्लीनं दिलेलं. तो घोरायला लागला की समोरच्या घरातली भांडी फळीवरून सरकत सरकत कडेला येत. वरच्या मजल्यावरचे पेन्शनर गृहस्थ कानात कापूस, त्यावर टोपी आणि टोपीवर उशी बांधून झोपत. खोटं वाटत असेल तर त्यांनाच विचारा. फक्त जरा मोठ्यानं विचारा, त्यांना आता ऐकू येत नाही.

पण बायकोला आवाजाचं काही वाटत नसे. तिचा जीव जायचा तो मधल्या शांततेत. घोरणं ऐन रंगात येऊन एकदम तुटायचं, छाती नुसतीच वरखाली ओढत राहायची, आणि मग म्हैस पाण्यातून वर यावी तसा तो फुर्रकन दम घ्यायचा. सकाळी सांगितलं की म्हणायचा, "तुला स्वप्नं पडतात." आणि हा माणूस पेट्रोलचा टँकर चालवत होता! मागच्या महिन्यात भर दुपारी त्याला डुलकी लागली आणि टँकर दुभाजक घासून गेला. तेव्हा कंपनीनं सांगितलं, रात्रभराची झोपेची तपासणी करून आणा, मगच गाडीची किल्ली मिळेल.

तपासणी झाली. रिपोर्ट खिडकीवर मिळाला. भोंग्यानं वरची ओळ वाचली आणि वेटिंगमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी पुन्हा वाचली.

"सौम्य! ऐकलंत का बाईसाहेब? सौम्य! आता उद्या सकाळी गाडीवर."

"मशीन बिघडलंय."

"मशीन बिघडलं, मी बिघडलोय, जग बिघडलंय. तू तेवढी शाबूत."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं रिपोर्ट त्याच्या हातातून ओढला आणि आपला नंबर आला की नाही हे न बघताच डॉक्टरांचं दार ढकललं. डॉक्टरीणबाई चष्मा पुसत होत्या. त्या पुसतच राहिल्या.

"हे सौम्य?" तिनं कागद टेबलावर आपटला. "एक रात्र आमच्या घरी झोपायला या. मग लिहा सौम्य!"

"ताई, बसा. हा मशीननं काढलेला आकडा आहे. मी अजून आलेख बघितलेला नाही."

"मग दिला कशाला हातात?"

डॉक्टरांनी चष्मा चढवून स्क्रीन तिच्याकडे फिरवला. तोवर मागून भोंगाही येऊन खुर्चीत बसला होता, परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा.

स्क्रीनवर एकाखाली एक रेघा होत्या. डॉक्टरांनी बोट ठेवलं. "ही घोरण्याची. ही नाकातल्या हवेची. ह्या दोन छातीच्या आणि पोटाच्या पट्ट्यांच्या. ही हालचालीची. सगळ्यात खाली रक्तातला ऑक्सिजन. आता बघा, इथं घसा मिटला. हवेची रेघ सपाट. पण छाती-पोट ओढताहेत, म्हणजे माणूस आत धडपडतोय. आणि इथं..." त्या थांबल्या. "इथं लगेच उघडला. श्वास दहा सेकंद तरी थांबला पाहिजे, तर आम्ही तो मोजतो. ह्यांचा थांबतो आणि त्याच्या आतच सुटतो."

"सौम्य," भोंगा म्हणाला.

"दर वेळी?" डॉक्टरांनी पानामागून पान सरकवलं. कपाळावर आठी चढली. "आणि दर वेळी श्वास सुटायच्या आधी हालचालीची रेघ उसळते. आपण होऊन जागा होणारा माणूस इतका वेळेवर जागा होत नाही हो."

त्यांनी टेक्निशियनला हाक मारली आणि त्या रात्रीचं चित्रण लावायला सांगितलं.

चित्रणात भोंगा उताणा पसरला होता, अंगावर वायरी, बोटाला चिमटा. त्याच्या पलंगाला चिकटून सोबतीची कॉट, आणि कॉटवर त्याची बायको, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. भोंग्याचा श्वास तुटला. बायकोचं कोपर उठलं आणि त्याच्या बरगडीत बसलं. तो कुशीवर वळला, श्वास सुटला. थोड्या वेळानं तो पुन्हा उताणा. पुन्हा कोपर. बाईचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावर सुरकुती नाही. रात्रभर तेच. कोपराला जणू वेगळा पगार होता.

"मी नाही!" ती म्हणाली. "मी तर किती दिवसांनी निवांत झोपले होते!"

"झोपलाच होतात," डॉक्टर म्हणाल्या आणि टेक्निशियनकडे वळल्या. आता रागवायची पाळी त्यांची होती. "कॉट भिंतीला असते ना? पलंगाला कशी चिकटली?"

"बाईंनीच सरकवली, मॅडम. मी नको म्हणालो. पण त्यांनी असं बघितलं की..."

"की?"

"की मी शेजारच्या खोलीतल्या पेशंटकडे गेलो."

"आणि स्क्रीनवर काय बघत होतास, क्रिकेट?"

तो खाली बघू लागला. डॉक्टरांनी चित्रण पहाटेपर्यंत पळवलं. तिथं बाईनं कूस बदलली होती, भिंतीकडे तोंड. कोपर गेलं. आणि आलेखाचा रंगच पालटला. हवेची रेघ सपाट, बराच वेळ सपाट, मग एक उसळी, पुन्हा सपाट. आणि प्रत्येक सपाटीच्या जरा मागून खालची ऑक्सिजनची रेघ दरीत उतरत होती.

"पहाटेची ही स्वप्नांची झोप. घसा आणखी सैल पडतो," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "जेमतेम अर्धा तास आहे, म्हणून रात्रभराच्या सरासरीत बुडाला. ऑक्सिजन सत्तर टक्क्यांपर्यंत गेलाय. नव्वदच्या खाली गेला तरी आम्ही दचकतो. काका, हे सौम्य नाही. तीव्र आहे. झोपताना मास्कमधून हवा देणारं मशीन लागेल, आणि ते लागू पडेपर्यंत गाडी चालवायची नाही."

बायकोचा राग क्षणभर कुठं बसावं हे न कळून घुटमळला. मशीनवर आला, टेक्निशियनवर गेला, आणि शेवटी तिच्याच कोपरावर येऊन बसला. म्हणजे भोंग्याला पास केलं होतं ते तिनंच.

भोंगा उठला. त्यानं टेबलावरचा कागद उचलला, घडी घातली. "माझ्याकडे छापील सौम्य आहे. शिक्का आहे. कंपनीला एवढंच लागतं."

"काका, मी तो रद्द करतेय."

"उद्या करा. मी आज देऊन येतो."

"अहो, शुद्धीवर आहात का?" बायको ओरडली. "त्या टँकरात काय पाणी भरलेलं असतं?"

"तुला मला घरी बसवायचंय! सगळं आयुष्य ढोसण्या मारल्यास, आता नोकरीलाही मार!"

तिनं पर्समधून फोन काढला, डेपोच्या साहेबांचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला. घंटी वाजू लागली.

"अगं, काय करतेस!"

"हॅलो, साहेब? मी ह्यांची मिसेस. ह्यांचा रिपोर्ट चुकीचा छापलाय. तीव्र आहे. उद्या गाडीवर दुसरा माणूस पाठवा. हो, डॉक्टर इथंच आहेत, त्यांनाच देते."

आणि तिनं फोन डॉक्टरांच्या हातात खुपसला.

भोंगा दार आपटून बाहेर गेला. फोन संपल्यावर ती त्याच्या मागोमाग आली, आणि दोघं व्हरांड्यातल्या बाकाच्या दोन टोकांना बसली. मधे तीन माणसं मावली असती. एक नर्स बसायला आली, दोघांची तोंडं बघून उभीच राहिली.

भोंगा भिंतीकडे बघत म्हणाला, "सत्तर म्हणजे किती वाईट गं?"

"मला काय विचारता? मला तर स्वप्नं पडतात."

मग हातातला कागद चुरगळून त्यानं खिशात कोंबला, उठला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःहून डॉक्टरांच्या दारावर टकटक केली. ती उठली नाही. राग अजून उतरला नव्हता.