भाव कमी होईल का?

नमिताच्या पेजवर विकायला ठेवलेल्या जॅकेटच्या फोटोखाली सगळ्यांदेखत पुन्हा तोच प्रश्न आला. "ताई, साडेआठ हजार? भाव कमी होईल का?"

उलट बोललं की माणसं दुखावतात, आणि कमी केलं की पूर्ण पैसे मोजलेल्यांच्या तोंडाला पानं पुसली जातात. नमिता हे ठेचा खाऊन शिकली होती. तिने लिहिलं, "जॅकेट आवडलं, आनंद झाला. भरतकाम सगळं हातचं आहे, म्हणून किंमत सर्वांना एकच. याच नक्षीचा बटवा नऊशेला आहे, बघाल का?" विचारणाऱ्या बाईंनी खाली लाल बदाम टाकला. नमिता खूश होऊन भरतकामाला बसली.

लोखंडवालातली ऋतिका तिची जॅकेटं आपल्या दुकानात ठेवणार होती; पहिली खेप तिच्याकडे पोचलीही होती. अट एकच होती: दुकानात जो भाव, तोच नमिताच्या पेजवर. हे जमलं तरच धंदा तरणार होता, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

नमिताची आई सोनूबाई. वेसाव्याच्या बाजारात मासळी विकण्यात तिची हयात गेली. तिथे भाव चढा सांगायचा आणि गिऱ्हाईकाला खाली उतरवू द्यायचं, ही रीतच. लेकीचं उत्तर तिने मोबाईलवर पाहिलं आणि तिचा जीव कळवळला. बोलून टाइप करायची सोय तिला ठाऊक होती. तिने स्वतःच्या नावाने खाली लिहिलं, "ये बाय, मी हिची आई. पाच हजाराला देते."

नमिताने फोन उचलला तेव्हा खाली "मलापण, मलापण" ची रांग लागली होती. जुन्या दोन गिऱ्हाइकांनी विचारलं होतं, "मग आम्हाला का लुटलंस?"

"आई, काय केलंस हे!"

"अगो, गिऱ्हाईक परत चाललेलं. मी धरून ठेवलं," सोनूबाई हसली. "बघ, किती जनी आल्या!"

नमिताने लिहायला घेतलं, 'आईकडून चुकून...' आणि तिचा हात थांबला. सगळा कोळीवाडा हे पेज बघत होता. बोललेला भाव सोनूबाईने जन्मात कधी मागे घेतला नव्हता. चारचौघांत आईला खोटं पाडणं नमिताला जमेना. तिने लिहिलेलं पुसलं. तेवढ्यात ऋतिकाचा मेसेज आला: "सॉरी यार. तुझा माल घेऊन जा."

नमिता रडली नाही. रडायलाही काहीतरी उरावं लागतं.

आठवड्याने नव्या फोटोखाली कुणीतरी विचारलं, "ताई, शेवटचा भाव बोला." नमिताने 'किंमत सर्वांना एकच' असं लिहिलं आणि पुसून टाकलं; आता ते कुणालाच पटणार नव्हतं. तिने लिहिलं, "तुम्हीच सांगा, किती देणार?"

खांद्यावरून सोनूबाईने वाचलं आणि मायेने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "आता शिकलीस गो माझी बाय."