करवलीचं बाहेरचं नाव

हर्षदाने वर्गाच्या पहिल्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं होतं, की या खोलीत व्याकरणातला एकही जड शब्द उच्चारायचा नाही.

नामपल्लीला मराठी मंडळाच्या हॉलमागे एक लांबट खोली आहे. दुपारी दोन ते चार तिथे बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग भरतो. एक तुकडी सुलभाताईंची, एक हर्षदाची. सुलभाताई तीस वर्षं सरकारी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. वडील हायकोर्टात, आजोबा निजामाच्या काळात तालीम म्हणजे शिक्षण खात्यात, त्यामुळे शिकणं-शिकवणं त्यांच्या घरात पाण्याच्या नळासारखं वाहत आलेलं. पहिल्या आठवड्यात त्या बावीस संज्ञा वहीत उतरवून घेत. नाउन, प्रोनाउन, ऑक्झिलरी, क्लॉज, ट्रान्झिटिव्ह, सगळं व्याख्येसकट. दुसऱ्या महिन्यापर्यंत वीस बायकांतल्या नऊ उरत. उरलेल्या मात्र व्याख्या घडाघडा म्हणत.

हर्षदाला त्या पळून गेलेल्या अकरा जणींचं वाईट वाटायचं. म्हणून तिने नावं घरातली ठेवली. वाक्यातलं मुख्य काम ही नवरी. आणि नवरीबरोबर येणारे ते इज, कॅन, डू, डज, विल, या सगळ्या करवल्या.

"साधं बोलताना करवली नवरीला चिकटून असते. शी कॅन कुक. प्रश्न विचारायचा झाला की करवली पुढे पळते. कॅन शी कुक?"

"आन् करवलीच नसली तर?" रंजनाने विचारलं. "शी कुक्स. यात कुठाय?"

"मग बोलावून आणायची. डज शी कुक? आणि बघा, नवरीच्या अंगावरचा तो एस करवलीने आपल्याकडे घेतला. नवरी पुन्हा साधी झाली."

"हौ, लग्नात दागिने सांभाळायला करवलीच लागती," रंजना म्हणाली आणि खोली हसली.

रंजना बेगम बाजारात एका मसाल्याच्या दुकानात पुड्या बांधायची. माहेर-सासर दोन्ही शेतकऱ्यांची, आजेसासऱ्यांच्या वेळेपासून शहरात. तिला मलकपेठच्या एका दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसायचं होतं, नाव-पत्ता विचारायला. तिथल्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, मंडळाचा दुसरा वर्ग पुरा करून ये, मग बघू. दुसऱ्या वर्गाला जागा बारा, आणि त्यासाठी पहिल्या वर्गाची परीक्षा पास व्हायची. रंजना त्या वर्गात सगळ्यात बोलकी होती. "व्हेअर डू यू लिव्ह? हाऊ मेनी चिल्ड्रन डू यू हॅव?" असे प्रश्न ती गल्लीतल्या बायकांवर करून बघायची. त्यांना काही कळो न कळो.

परीक्षेचा पेपर दोन्ही तुकड्यांना एकच, आणि तो सुलभाताई काढत. हर्षदाने तो आधी बघायला मागितला नाही. तिला वाटलं, ज्यांना प्रश्न विचारता येतात त्यांना पेपरची काय भीती.

पन्नास मार्कांचा पेपर. तिसरा प्रश्न होता, खालील वाक्यांतली ऑक्झिलरी अधोरेखित करा. चौथा, वाक्यांतले क्लॉज वेगळे करा. पाचव्यात क्रियापदाच्या काळांची इंग्रजी नावं लिहायची होती. तीन प्रश्न मिळून वीस मार्क. हर्षदाच्या तुकडीने वीसच्या वीस मार्कांची जागा कोरी सोडली. अकरापैकी सहा जणी नापास. रंजनाला बावीस, हवे होते पंचवीस.

पेपर तपासून सुलभाताईंनी तो हर्षदासमोर धरला. तिसऱ्या प्रश्नाशेजारी समासात रंजनाने मराठीत लिहिलं होतं, 'ऑक्झिलरी कोण ते सांगा. मी ओळखत असेन.'

हर्षदाला हसू आलं.

"ओळखतेच ती," ती म्हणाली. "तोंडी विचारा तिला. डू, डज, कॅन, सगळं बरोबर सांगेल."

"मग तिला नाव कुणी सांगितलं नाही?" सुलभाताईंनी चष्मा काढला. "अहो, रोज ऑक्झिलरीला पंगतीला बसवलंत, आणि नाव विचारलं तर 'ती आपली करवली' म्हणायचं? बाहेर कोण ओळखणार?"

"तुमच्या तुकडीतल्या शिल्पाला व्याख्या पाठ आहे. काल मी तिला जिन्यात विचारलं, व्हेअर डू यू लिव्ह. तिने उलट मला विचारलं, व्हेअर यू लिव्ह? डू गायब."

सुलभाताईंनी चष्मा परत लावला. त्या रागावल्या नाहीत.

मंडळाचे सेक्रेटरी श्रीकांतराव यांनी दहा दिवसांनी फेरपरीक्षा ठेवली. मधे वर्गाचे चार तास मिळणार होते.

त्या संध्याकाळी हर्षदा लेकीला, मानसीला घ्यायला पाळणाघरात गेली. मानसी दोन वर्षांची. आयाबाई तक्रारीच्या सुरात म्हणाली, "अम्मा, दिवसभर बुडू बुडू करून रडली. दूध दिलं, नक्को. बिस्कीट दिलं, नक्को." बुडू म्हणजे पाणी. मानसी तळहाताएवढ्या पेल्यातून पाणी पिताना जो आवाज काढायची, त्यावरून घरात तो शब्द पडला होता, आणि हर्षदाच हौसेने तो वापरायची. तिने पिशवीतली बाटली काढली. मानसी एका दमात अर्धी प्यायली. रिक्षात बसल्यावर हर्षदा तिला म्हणाली, "पाणी. म्हण, पा-णी." मानसीने बाटलीकडे बोट दाखवलं. "बुडू पाणी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हर्षदा वर्गाच्या अर्धा तास आधी सुलभाताईंकडे जाऊन बसली. ताईंनी डब्यातली चकली पुढे सरकवली आणि बावीस शब्दांची यादीही.

"यातले किती शिकवू?"

"सगळे. पेपर तसाच राहणार आहे. तुमच्या सहा जणींसाठी मी सोपा काढणार नाही, आधीच सांगते."

"सोपा नकोच. पण चार तासांत बावीस शब्द शिकवले तर त्या पुढच्या सोमवारी येणारच नाहीत."

"मग?"

हर्षदाने पेन्सिल घेतली. "एखादी चूक दाखवताना ज्या नावाशिवाय अडतं, तेवढंच नाव घ्यायचं. वस्तू आधी हातात, नाव मागून."

"ट्रान्झिटिव्ह?"

"त्याच्याशिवाय माझं आजवर अडलेलं नाही."

"क्लॉज?"

क्लॉजपाशी हर्षदा थांबली. क्लॉजवाचून तिचं तीन वेळा अडलं होतं. रंजना रजेचा अर्ज लिहायची, 'बिकॉज माय सन हॅज अ फीव्हर.' आणि पूर्णविराम. हर्षदा दर वेळी लाल शाईने 'अपूर्ण' लिहायची. तिसऱ्या वेळी रंजना भांडली होती. "माय सन हाय, हॅज हाय. करणारा हाय, नवरी हाय. मंग अपूर्ण कायकू?" आणि हर्षदाकडे उत्तर नव्हतं, कारण ते देण्यासाठी लागणारा शब्द तिनेच खोलीबाहेर ठेवला होता.

"क्लॉज हवाच," ती म्हणाली.

शेवटी पाच नावं उरली. व्हर्ब, सब्जेक्ट, ऑब्जेक्ट, ऑक्झिलरी, क्लॉज. काळांची नावं राहिली. म्हणजे पाचव्या प्रश्नाचे सहा मार्क सोडून द्यायचे.

"अंगावर घेताय हां," सुलभाताई म्हणाल्या. मग जरा थांबून, "ती करवली मला एकदा नीट समजवा. शिल्पासाठी."

पहिल्या तासाला हर्षदाने फळ्यावर दहा वाक्यं लिहिली आणि करवल्यांना गोल करायला सांगितलं. झाल्यावर गोलांच्या वर ऑक्झिलरी असं लिहिलं.

"हे करवलीचं बाहेरचं नाव. घरात तुम्ही काहीही म्हणा."

"एवढं लांब नाव?" गंगू म्हणाली. तीही नापासांतलीच. "आमच्या थोरल्या नणंदेसारखं. घरात बेबी, आन् रेशनकार्डावर सौभाग्यवती काय काय."

तास चांगला गेला. दुसराही गेला. दुसऱ्या रात्री मात्र हर्षदाच्या मनाने कच खाल्ली. सहा मार्क सोडून द्यायला ती कोण? उद्या रंजना दोन मार्कांनी पडली तर? तिने ताईंच्या यादीच्या सहा झेरॉक्स काढल्या आणि तिसऱ्या तासाला वाटल्या. बावीस शब्द, व्याख्येसकट.

बायकांनी कागद घेतला, घडी घातली. गंगूने विचारलं, "हे सगळं पाठ?" तासभर त्या मान खाली घालून उतरवत राहिल्या. शेवटी हर्षदाने रंजनाला सहज विचारलं, तुमच्या मुलाच्या शाळेबद्दल एक प्रश्न विचारा मला. रंजनाने कागदाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं.

"व्हेन... स्कूल स्टार्ट्स?"

"करवली कुठे गेली?"

"तिला शोधायलेच टीचर, पण ती इन्ट्रान्झिटिव्ह का काय ते मधी यायलंय."

हर्षदाने तिथल्या तिथे सगळ्यांकडून कागद परत घेतले. "हे तुमचं नाही. माझ्या भीतीचं आहे," ती म्हणाली. बायकांना ते नीट कळलं नाही, पण कागद गेल्याचं बरं वाटलेलं स्पष्ट दिसत होतं. मग रंजनाने न सांगता विचारलं, "व्हेन डज द स्कूल स्टार्ट?"

चौथा तास क्लॉजचा. हर्षदाने फळ्यावर रंजनाचंच वाक्य लिहिलं, बिकॉज माय सन हॅज अ फीव्हर.

"यात करणारा आहे, काम आहे. रंजना, तुमचं भांडण बरोबर होतं. अशा जोडीला क्लॉज म्हणतात. पण एक क्लॉज स्वतःच्या पायावर उभा असतो आणि एक टेकून. पुढे बिकॉज आला की तो टेकून उभा राहणारा. मग टेकायला काय हवं?"

रंजना उठून फळ्यापाशी गेली. खडू घेऊन तिने त्या वाक्याच्या आधी लिहिलं, आय कान्ट कम टुडे. मग लांबून वाचून बघितलं.

"म्हंजे दोन क्लॉज पाहिजेत. मी एकच लिहायचे, आन् तुम्ही नुसतं अपूर्ण अपूर्ण करायच्या. आधीच सांगितलं असतं तर तीन अर्ज वाचले असते की."

"चुकलं माझं," हर्षदा म्हणाली.

फेरपरीक्षा शनिवारी झाली. निकाल सुलभाताईंनी सोमवारी आणला. सहापैकी पाच पास. गंगूचे दोन मार्क कमी पडले आणि तिने पुन्हा बसायचं कबूल केलं. रंजनाला तेहतीस. तिसऱ्या प्रश्नात सगळ्या करवल्या अधोरेखित, चौथ्यात क्लॉजांच्या मधोमध उभी रेघ. पाचवा प्रश्न कोरा. त्याच्या समासात रंजनाने लिहिलं होतं, 'या लोकांची अजून ओळख झाली नाही.'

खाली सुलभाताईंच्या लाल शाईत, त्यांच्या त्या शाळेतल्या टपोऱ्या अक्षरात एक ओळ होती.

'दुसऱ्या वर्गात होईल. एक तारखेला दोन वाजता या.'