मुळात नाही ते

नैरोबीतल्या त्या सर्वेक्षण कंपनीत क्यालोचं काम म्हणजे प्रश्नावल्यांची भाषांतरं तपासणं. एकानं भाषांतर करायचं. मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते उलट मूळ भाषेत फिरवायचं, मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. गावोगाव विचारलं जाणारं ‘तुमच्या घरी संडास आहे का’ हे वाक्यसुद्धा या अग्निपरीक्षेतून जायचं. त्यामुळे प्रेमपत्र तपासल्याशिवाय पाठवणं क्यालोला अश्लील वाटलं असतं.

त्याच्यासोबत राहणारी अपोंदी किसुमूला गेली होती. तिथल्या इस्पितळानं तिला कायमची जागा देऊ केली होती आणि रविवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. जाताना ती म्हणाली होती, स्वाहिलीत तर मटाटू गाड्यांच्या पाठीवरसुद्धा प्रेम लिहिलेलं असतं. मी परत का यावं, ते एकदा माझ्या भाषेत लिही. क्यालो कांबा जमातीचा, त्याला तिची लुओ भाषा येत नव्हती. तिच्या बॅगा त्याने बसमध्ये चढवल्या, हात हलवला, घरी येऊन व्यवस्थित जेवला. काहीतरी वाटेल म्हणून थोडा वेळ बसून राहिला. वाटलं नाही, तेव्हा झोपला.

मजकूर त्याने आधी स्वाहिलीत लिहिला आणि फोनवरच्या एका अ‍ॅपकडून लुओ करून घेतला. उलटा मात्र दुसऱ्याच अ‍ॅपकडून फिरवला, कारण एकच यंत्र जाताना केलेली चूक येताना स्वतःच झाकून टाकतं, हे तो नवशिक्यांना दर महिन्याला सांगत असे. मजकूर जवळपास जसाच्या तसा परत आला. पण यंत्रांना समजलं म्हणजे माणसांना समजलं असं नव्हे. म्हणून शुक्रवारी त्याने तो ओदुओरसमोर ठेवला.

ओदुओर शेजारच्या टेबलावरचा, जन्माने लुओ, स्वभावाने आगाऊ. नियमाप्रमाणे क्यालोने त्याला मूळ दाखवलं नाही, कोणी कोणाला लिहिलंय तेही सांगितलं नाही. वाचून काय समजलं आणि वाचणारीला काय करावंसं वाटेल, एवढंच विचारलं.

ओदुओरने दोन ठिकाणी हात फिरवला. एक शब्द म्हणे फक्त चर्चमध्ये शोभतो, त्याच्या जागी रोजचा घातला. बाकी भाषा चोख आहे म्हणाला. मग त्याने अर्थ सांगितला: तिकडची नोकरी चांगली आहे, तुझा निर्णय मला मान्य असेल, इकडे सगळं ठीक चाललंय, आलीस तर आनंद होईल.

क्यालोने मनातल्या मनात ताडून पाहिलं. ओळ न् ओळ बरोबर होती.

“आणि तिला काय करावंसं वाटेल?”

“तिकडेच राहावंसं,” ओदुओर म्हणाला. “कोण आहे हा भला माणूस? बाई येते की जाते, याला काही पडलेली दिसत नाही. पाणीपुरवठा बंद राहील म्हणून कळवावं, तसं कळवलंय.”

क्यालोने कागद पुन्हा ओढून घेतला. कुठेतरी काहीतरी गळलं असणार म्हणून तो शब्दाशब्दावर बोट ठेवत गेला. काही गळलं नव्हतं. मग तो जरा खाकरून म्हणाला, की लुओत असं काहीतरी असेलच ना, माया दाखवणारं, एखादी ओळ तूच घाल.

ओदुओरने त्याच्याकडे बघितलं. भला माणूस कोण, ते त्याच्या ध्यानात आलं. त्याचा आवाज उतरला.

“मुळात नाही ते भाषांतरात घालायचं नाही, बाबा. मलेरियाच्या फॉर्मात मी एक ‘कृपया’ घातलं तर तू मला सगळ्यांसमोर झापलं होतंस.” मग तो म्हणाला, “तू मुळात घाल. मी लगेच करून देतो. आज डबाही नाही खात.”

ही फार मोठी गोष्ट होती, डब्यात तळलेली तिलापिया मासळी होती.

क्यालो कोऱ्या कागदापुढे बसला. तिच्याशिवाय घर कसं आहे ते आठवू लागला. घर होतं तसंच होतं. खोटं लिहिता आलं असतं, पण खोटं प्रश्नावलीत चालत नाही. जेवणाची सुट्टी संपत आली तेव्हा त्याने दुरुस्त केलेला मजकूर होता तसा पाठवून दिला. चाचणी पास झाली होती.

सुट्टी संपायच्या आत उत्तर आलं, लुओत. क्यालोने फोन ओदुओरकडे सरकवला. ओदुओर वाचून म्हणाला, तिला तुझं पोचलं.

“नीट सांग. शब्दशः.”

“म्हणते, तुझी लुओ छान आहे, एकही चूक नाही. म्हणते, तू काय लिहिलंयस ते मला नीट समजलं. इस्पितळाला तिने हो म्हणून कळवलंय.”

क्यालोने मान डोलावली. ओदुओरने आपला डबा उघडून त्याच्यापुढे केला आणि काटे काढून माशाचा मधला तुकडा त्याला दिला. क्यालोने तो खाल्ला. मीठ थोडं कमी आहे, असं त्याच्या लक्षात आलं.