ताईबाईंची अडकलेली ओळ

पारोळ्याहून कोकिळाताईंचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या लॅबमध्ये चहा घेत होतो. लॅबचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे असतं. त्या तिथल्या आमच्या सेंटरवर रक्त घेतात. लोटनभाऊ आईचा रिपोर्ट मागायला आलेत, म्हणाल्या. आई, ताईबाई, काल वारली. कशानं गेली ते तरी कळू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

रिपोर्टच्या यादीत ताईबाई नव्हत्याच. त्या कुठे असतील ते मला ठाऊक होतं.

मशीनचे आकडे आपोआप यादीत जातात. एखाद्या पेशंटची ओळ नियमात बसली नाही, तर ती हरवू नये म्हणून मी वेगळा तक्ता केला होता. त्यात मूळ ओळ जशीच्या तशी राहते, नाकारल्याचं कारण आणि वेळही. तपासायची, दुरुस्त करायची, पुन्हा पाठवायची. तक्ता केल्याची शेखी मी महिनाभर मिरवली. तो रोज सकाळी उघडून बघायचं काम मात्र माझंच होतं, आणि नऊ दिवस मी ते केलं नव्हतं.

आत सदतीस ओळी होत्या. सगळ्यांचं कारण एकच: मोबाईल नंबर रिकामा. 'रिपोर्ट तयार आहे' असा मेसेज जावा म्हणून नंबर सक्तीचा करणारा शहाणा मीच. ताईबाईंची ओळ आठ दिवसांपूर्वीची होती. पोटॅशियम सात पूर्णांक एक. एवढं वाढलं की हृदय कधीही बंद पडू शकतं.

मी नियम काढला आणि आधी त्यांचीच ओळ पुन्हा पाठवली. ती यादीत गेली आणि लाल झाली, म्हणजे जिवाला धोका. अशी लाल ओळ दिसली की डॉक्टर लगेच सेंटरला फोन करतात. पेशंटच्या नंबरची तिथे गरजच नसते. मग उरलेल्या छत्तीस पाठवल्या. नमुना क्रमांक तोच असल्यानं एकही दुबार झाली नाही. त्यांत लाल कुणी नव्हतं, हे माझं नशीब.

आमचे डॉक्टर रतिलाल मागे येऊन उभे राहिले. यादीत आजची तारीख पडली आहे, तेव्हा तक्त्यातली ती ओळ पुसून टाक, म्हणजे ती आठ दिवस अडकली होती हे कुणाला दिसणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मला त्यांची किळस आली, आणि क्षणभर हायसंही वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

ओळ मी पुसली नाही. तिच्यापुढे 'पुन्हा पाठवली' अशी नोंद केली आणि त्यांच्यासमोरच पारोळ्याच्या सेंटरला फोन लावला. लोटनभाऊंना सगळं सांगितलं: रिपोर्ट आठ दिवस आमच्याकडे पडून होता, आईचा मोबाईल नंबर नव्हता म्हणून, आणि तो नियम माझा.

ते म्हणाले, "मन्ही मायजोडे फोन नव्हता, भाऊ. पन मी त रोज आठे सेंटरवर रिपोर्ट इचाराले येत व्हतू."