साबणाच्या टाकीवरच्या पट्ट्या

“तुला हे पटणार नाही, पण मी टाकी न उघडता तिच्या पोटातलं सांगतो,” मी भाचीला म्हणालो. ती समोर बसून सर्किटला सोल्डर लावत होती.

लाँड्रीवाल्या वहिनींच्या प्लास्टिकच्या टाकीला मी बाहेरून तांब्याच्या दोन पट्ट्या चिकटवल्या होत्या. आत पातळ साबण चढला की पट्ट्यांमधली धारिता, म्हणजे विजेचा भार साठवायची क्षमता, वाढायची आणि त्यावरून यंत्र पातळी दाखवायचं. पण एके दिवशी टाकी रिकामी झाली तरी आकडा भरलेलीच सांगत राहिला, आणि साबण ओढणारा पंप कोरडा फिरून तापला.

“भाऊजी, पुन्हा असं झालं तर पट्ट्या उपटून हातात देईन,” वहिनी म्हणाल्या.

झाकण उघडून टॉर्च मारला. आतल्या भिंतीवर साबणाचा ओला, जाड थर बसला होता. पट्ट्यांना तोच भरलेला साबण वाटत होता. गरम पाण्याने भिंत धुतली तसा आकडा शून्यावर आला. तेवढ्यात वहिनी पट्टीवर हात टेकून उभ्या राहिल्या, आणि आकडा पुन्हा वर.

“हात काढा वहिनी, यंत्र तुम्हालाही साबणच समजतंय.”

त्या खळखळून हसल्या, रोज टाकी धुवायचं कबूल केलं, आणि पट्ट्या वाचल्या.

“मग मी तशाच पट्ट्या शेजारच्या स्टीलच्या टाकीला बाहेरून लावल्या,” मी म्हणालो, “आणि आतलं पाणी थेंबाथेंबाने मोजलं.”

भाचीने सोल्डरगन खाली ठेवली. “मामा, स्टील धातू आहे, त्याच्या आतलं बाहेरच्या पट्टीला काही कळत नाही. थाप आहे ही.”