प्रकाश आणि बिजलीचा पोर्शन

मूळचे साताऱ्याचे, पण लखनौच्या चिनहट भागात स्वतःचं घर बांधून राहिलेले बँकवाले दीनानाथ पाटणकर लेकीच्या दहावीची काळजी लेकीच्या वाटणीचीसुद्धा स्वतःच करत. रोज सकाळी ते शर्वरीला मेसेज धाडत: परीक्षेला किती दिवस उरले आणि आज काय संपवायचं. लेकीला मराठी वाचायचा कंटाळा, म्हणून मेसेज हिंदीत.

त्या रविवारी गालावर दाढीचा फेस असतानाच त्यांनी लिहिलं, "चालीस दिन बाकी. आज का पोर्शन: प्रकाश और बिजली, पूरा." आणि तो मेसेज गेला मोहल्ल्याच्या ग्रुपवर!

दहा मिनिटांत बेल वाजली. दारात शेजारचे शुक्लाजी, मागे त्यांचा मेहुणा, आणि मेहुण्याच्या हातात चक्क मोजायची टेप.

"भाईसाहब, पोर्शन देखने आए हैं."

दीनानाथांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साताऱ्यात पोर्शन म्हणजे अभ्यास. लखनौत पोर्शन म्हणजे भाड्यानं द्यायचा घराचा भाग! ते तोंड उघडणार, तोच शुक्लाजींनी पुस्तक घेऊन बसलेल्या शर्वरीला विचारलं, "बेटा, प्रकाश और बिजली, सब पूरा है न?"

आता तपासणीला शेजारीसुद्धा? शर्वरीनं बापाकडे जळजळीत नजरेनं पाहिलं.

"प्रकाश तो ठीक है, अंकल," ती म्हणाली, "पर बिजली बिलकुल नहीं आती."

मेहुण्यानं टेप खिशात घातली. शुक्लाजींनी दीनानाथांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अभी चालीस दिन हैं न? तब तक आ जाए तो बताइएगा."